अर्ध्या पुलाचा नफा

दोन भागीदारांची एक बांधकाम फर्म आहे असे समजू. खाडीवरच्या पुलाचे काम त्यांना मिळाले आहे आणि मुदत तीन वर्षांची आहे. दुसऱ्या वर्षाच्या ३१ मार्चला थोरल्या भागीदारांनी निवृत्त व्हायचे ठरवले. पाण्यात खांब उभे राहिले आहेत, काही गाळ्यांवर गर्डर चढले आहेत, पण पलीकडच्या काठाला पूल अजून टेकलेला नाही. धाकटा म्हणतो, "दादा, पूल पुरा झाला नाही, विभागाने ताब्यात घेतला नाही, मग नफा कुठला वाटायचा?" थोरले म्हणतात, "दोन वर्षे मी भरती-ओहोटीची वेळ साधत पाइल घालून घेतले, त्याची किंमत शून्य कशी?"

दोघांचे म्हणणे रास्त आहे. हिशेबशास्त्रात या दोन उत्तरांच्या दोन पद्धतीही होत्या. धाकट्याची ती पूर्ण-कंत्राट पद्धत, म्हणजे काम संपेपर्यंत नफा दाखवायचा नाही आणि संपले की सगळा एकदम दाखवायचा. थोरल्यांची ती टक्केवारीची पद्धत, म्हणजे जितके टक्के काम झाले तितके टक्के उत्पन्न आणि नफा त्या त्या वर्षाच्या खात्यात घ्यायचा. बांधकाम कंत्राटांसाठीच्या १९८३ सालच्या भारतीय हिशेब मानकात, म्हणजे एएस ७ मध्ये, दोन्ही पद्धतींना परवानगी होती. २००२ मध्ये ते मानक सुधारले आणि १ एप्रिल २००३ पासून झालेल्या कंत्राटांसाठी टक्केवारीची पद्धत हीच एक उरली. मोठ्या आणि शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना १ एप्रिल २०१८ पासून इंड एएस ११५ हे नवे मानक लागू झाले. त्याची भाषा वेगळी आहे, पण सरकारी पुलासारख्या कामात ते पोहोचते तिथेच. खाडी सरकारची, जमीन सरकारची, आणि खांब उभा राहतो तो उभा राहतानाच सरकारचा होतो. कंत्राटदार उद्या काम सोडून गेला तरी तो खांब उपटून नेऊ शकत नाही. मालकी जशी रोज थोडी थोडी पलीकडे जाते, तसे उत्पन्नही रोज थोडे थोडे कमावले जाते, असा त्यामागचा विचार आहे.

तेव्हा निकाल थोरल्यांच्या बाजूने लागला. पण खरी अडचण इथूनच सुरू होते, कारण काम किती टक्के झाले हे ठरवायचे कसे?

पहिल्यांदा डोळ्यांपुढे येते ते बिल. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कामात ठेकेदाराला टप्प्याटप्प्याने आरए बिल मिळते. साइटवर मोजमाप होते, मापन पुस्तिकेत नोंद होते, उपअभियंता तपासणी करतात आणि मग बिल पुढे सरकते. ज्याचे बिल झाले तेवढे काम झाले, असे मानणे सोपे वाटते. पण बिलाचा वेग आणि कामाचा वेग एक नसतो. निविदा भरताना अनेक ठेकेदार पायाच्या, म्हणजे सुरुवातीच्या कामांचे दर चढे लावतात आणि शेवटच्या कामांचे दर उतरते ठेवतात, म्हणजे खेळते भांडवल लवकर हाती येते. अशा कंत्राटात बिलावरून टक्केवारी काढली तर पहिल्या वर्षी नफा फुगतो आणि शेवटच्या वर्षी आटतो. उलटही होते. मार्चमध्ये झालेल्या कामाचे मोजमाप मे महिन्यात होते आणि मार्चअखेरचे काम बिलात दिसतच नाही. हाती आलेल्या पैशावर तर अजिबात विसंबता येत नाही, कारण त्यात यंत्रसामग्री हलवण्यासाठी मिळालेली उचल असते. ती उत्पन्न नव्हे, पुढच्या बिलांतून कापून परत जायची रक्कम आहे.

म्हणून सर्वाधिक वापरली जाते ती खर्चाची टक्केवारी. आजवर झालेला खर्च भागिले कामाचा एकूण अपेक्षित खर्च. शाळेतल्या अपूर्णांकाइतकी साधी गोष्ट. वरचा आकडा, म्हणजे झालेला खर्च, वहीत असतो. सिमेंटची बिले, डिझेल, मजुरी, क्रेनचे भाडे, सगळ्याची पावती दाखवता येते. खालच्या आकड्यातला मोठा भाग मात्र भविष्यात असतो. एकूण खर्च म्हणजे झालेला खर्च अधिक व्हायचा खर्च, आणि या व्हायच्या खर्चाची पावती जगात कुणाजवळ नसते. तो कुणीतरी बसून अंदाजाने लिहिलेला आकडा असतो. माझ्या मते या सगळ्या विषयाचा जीव त्या एका आकड्यात आहे, आणि तोच आकडा सर्वात कमी तपासला जातो.

आता आपल्या पुलाचा हिशेब मांडू. कंत्राटाची किंमत १२० कोटी रुपये. निविदा भरताना काढलेला खर्च १०० कोटी. अपेक्षित नफा २० कोटी.

पहिल्या वर्षाच्या ३१ मार्चला वहीत २७ कोटींचा खर्च दिसतो. पण साइटच्या यार्डात २ कोटींची सळई आणि सिमेंट पडून आहे. ते विकत घेतले आहे, पुलात गेलेले नाही. त्याला झालेले काम म्हणता येणार नाही, नाहीतर ३० मार्चला दहा ट्रक सळई उतरवून घेतली की टक्केवारी आपोआप चढेल. म्हणून ते २ कोटी बाजूला काढून साठ्यात दाखवायचे. याच पुलाच्या मापाने मुद्दाम बनवून घेतलेला गर्डर असता तर गोष्ट वेगळी होती. तो दुसऱ्या कुठल्या पुलाला लागणार नाही, म्हणून एएस ७ त्याला खर्चात धरू देते. उरले २५ कोटी. एकूण अंदाज १०० कोटींचाच आहे, म्हणजे काम २५ टक्के झाले. १२० कोटींचे २५ टक्के म्हणजे ३० कोटी उत्पन्न, त्यातून खर्च २५ कोटी वजा, नफा ५ कोटी.

याच दिवशी बाकीचे आकडे काय सांगतात तेही पाहू. विभागाने २४ कोटींचे बिल मान्य केले आहे. कंत्राटाच्या दहा टक्के, म्हणजे १२ कोटींची उचल आधीच मिळाली होती. बिलातून पाच टक्के सुरक्षा अनामत म्हणून १ कोटी २० लाख कापले गेले आणि उचलीच्या वसुलीपोटी २ कोटी ४० लाख. म्हणजे बँकेत आजवर आलेली रक्कम ३२ कोटी ४० लाख. आले ३२ कोटी ४० लाख, बिल २४ कोटींचे, आणि नफा-तोटा पत्रकात उत्पन्न ३० कोटी. तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. ३० आणि २४ मधला ६ कोटींचा फरक ताळेबंदात बिल न झालेला महसूल म्हणून येणे बाजूला बसतो. ही ओळ लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

इथे एक अट सांगायला हवी. काम नुकतेच सुरू झाले असेल आणि खाडीच्या तळाशी काय लागेल हेच कळत नसेल, तर नफा दाखवता येत नाही. अशा वेळी झालेला जो खर्च वसूल होण्यासारखा आहे, तेवढेच उत्पन्न धरायचे. नफा शून्य. अंदाज भरवशाचा झाला की मग टक्केवारी लावायची.

दुसऱ्या वर्षी खाडी आपला रंग दाखवते. तपासणीच्या वेळी घेतलेल्या बोअरमध्ये जिथे कठीण खडक दिसला होता, तिथे दोन खांबांच्या जागी खडक आणखी खोल निघतो. पाइलची लांबी वाढते, क्रेन आणि तराफा चार महिने जास्त लागतात, आणि पावसाळा तोंडावर येऊन ठेपतो. ३१ मार्चला एकूण झालेला खर्च ६६ कोटी आहे.

आता बाकीचा खर्च किती? मुख्य कार्यालयातून अकाउंटंटचा फोन साइटवर जातो. "साहेब, मार्चएंड आहे. बाकीचा खर्च किती धरू?" आणि साइटवरून उत्तर येते, "नवीन काही काढायला वेळ नाही. मूळ अंदाजातून झालेला खर्च वजा कर आणि टाक." म्हणजे १०० वजा ६६, बरोबर ३४ कोटी.

या वजाबाकीने काय होते ते सावकाश पाहण्यासारखे आहे. खर्च ६६, एकूण १००, काम ६६ टक्के. उत्पन्न आजवरचे ७९ कोटी २० लाख, नफा आजवरचा १३ कोटी २० लाख. त्यातले ५ कोटी मागच्या वर्षी दाखवले, म्हणून या वर्षीचा नफा ८ कोटी २० लाख. पाइल लांबले, तराफा अडकला, पैसा जास्त गेला, आणि नफा मात्र वाढला! वाया गेलेला प्रत्येक रुपया वरच्या आकड्यात बसला आणि त्याने कामाची टक्केवारी वर ढकलली. खालचा आकडा जागचा हलला नाही, म्हणून कुठे काही बिघडले आहे असे कागदावर दिसत नाही.

प्रामाणिक रीत अशी, की वजाबाकी विसरून उरलेले काम नव्याने मोजायचे. किती मीटर पाइल शिल्लक आहेत, किती घनमीटर काँक्रीट, किती गर्डर चढवायचे, डेक स्लॅब, कठडे, दोन्ही बाजूंचे पोहोच रस्ते, आणि हे सगळे आजच्या सिमेंट-सळई-डिझेलच्या भावाने. शिवाय साइट जितके महिने जास्त चालणार तितके महिन्यांचे पगार, राहुटी, जनरेटर, विमा. असे मोजल्यावर बाकीचा खर्च ३४ नव्हे, ४४ कोटी निघतो. एकूण ११० कोटी. मग काम ६६ भागिले ११०, म्हणजे ६० टक्के. आजवरचे उत्पन्न ७२ कोटी, पूर्ण कामाचा नफा आता फक्त १० कोटी, त्याचे साठ टक्के म्हणजे ६ कोटी. त्यातले ५ आधीच घेतलेले, म्हणून या वर्षीचा नफा १ कोटी.

एका बाजूला ८ कोटी २० लाख, दुसऱ्या बाजूला १ कोटी. पूल तोच, पावत्या त्याच, बँकेतली शिल्लक तीच. फरक एवढाच की एका कागदावर ३४ लिहिले आणि दुसऱ्यावर ४४. निवृत्त होणाऱ्या थोरल्या भागीदारांना यातल्या कुठल्या आकड्यातला वाटा मिळणार, हा मग अंकगणिताचा प्रश्न राहत नाही. त्यांनी पहिला आकडा मान्य करून पैसे घेतले, तर उरलेल्या वर्षाचा सगळा तोल धाकट्याच्या डोक्यावर पडतो. मी त्यांच्या जागी असतो तर नफा-तोटा पत्रकाच्या आधी त्या ४४ कोटींच्या मागची मोजणी मागितली असती, आणि धाकट्याच्या जागी असतो तर ती स्वतःहून दाखवली असती.

आणखी एक गोष्ट या एक कोटीत दडलेली आहे. नवा अंदाज खरा धरला, तर पहिल्या वर्षीही कामावर ५ कोटी नफा झालेलाच नव्हता. २५ टक्केही झाले नव्हते. ११० च्या हिशेबाने ते २३ टक्क्यांच्या आसपास होते. मग मागच्या वर्षीची खाती उघडून दुरुस्त करायची का? नाही. त्या वेळी हाती असलेल्या माहितीवर तो अंदाज प्रामाणिक होता. म्हणून जुनी खाती तशीच राहतात आणि आजवरचा सगळा फरक या वर्षात येतो. मागच्या वर्षी जास्त घेतलेला नफा या वर्षीच्या नफ्यातून फेडला जातो. त्यामुळे दुसरे वर्ष आहे त्याहून वाईट दिसते. वाचणाऱ्याने घाबरू नये, पण मागच्या वर्षीचा अंदाज इतका कसा चुकला हे मात्र विचारावे. मागच्या वर्षीच खडकाची खोली साइटवर माहीत होती आणि कळवली नव्हती, असे निघाले तर तो अंदाजातला बदल नाही. ती चूक आहे, आणि चुकीला जुने आकडे दुरुस्तच करावे लागतात.

आता वाईटातले वाईट धरू. नव्याने मोजल्यावर बाकीचा खर्च ४४ नव्हे, ६६ कोटी निघाला. एकूण १३२ कोटी, आणि कंत्राट १२० चे. म्हणजे या कामात १२ कोटींचा तोटा ठरलेला आहे. काम ६६ भागिले १३२, बरोबर निम्मे. निम्म्या कामाचा निम्मा तोटा, म्हणजे ६ कोटी दाखवावा असे वाटेल. इथे मात्र टक्केवारी थांबते. नफा कामाच्या प्रमाणात येतो, तोटा दिसताक्षणी पूर्ण येतो. सगळे १२ कोटी याच वर्षी. शिवाय पहिल्या वर्षी दाखवलेला ५ कोटींचा नफाही पुसायचा. म्हणून या एका वर्षात १७ कोटींचा तोटा. नफ्याला संयम आणि तोट्याला घाई, असा हा दुजाभाव जाणूनबुजून ठेवलेला आहे. उद्याचा तोटा आज माहीत असताना तो उद्यासाठी राखून ठेवला, तर मधल्या काळात कर्ज देणारी बँक, माल उधार देणारा व्यापारी आणि शेअर घेणारा माणूस खोट्या चित्रावर पैसे लावतो.

आयकराचा कायदा या ठिकाणी वेगळा चालतो. २०१८ मध्ये आयकर कायद्यात कलम ४३सीबी आले आणि बांधकाम कंत्राटाचा नफा टक्केवारीच्या पद्धतीनेच मोजायचा असे ठरले. सुरक्षा अनामतीत अडकलेली रक्कमही उत्पन्नात धरायची, हेही त्यात आले. पण करासाठीच्या हिशेब मानकात पुढचा तोटा आधी घेता येत नाही. तिथे आपल्या पुलाचा त्या वर्षीचा तोटा १७ नव्हे, ११ कोटीच धरला जाईल. उरलेले ६ कोटी काम पुढे सरकेल तसे. म्हणून ठेकेदाराच्या खात्यातला तोटा आणि विवरणपत्रातला तोटा वेगळा दिसला, तर लगेच काही लपवले असे समजू नये.

तोटा दिसत असूनही न घेण्याचा मोह किती महाग पडतो, याचे एक मोठे उदाहरण ब्रिटनमध्ये घडले. कॅरिलियन ही तिथली बलाढ्य बांधकाम कंपनी, रुग्णालये, रस्ते, रेल्वे अशी सरकारी कामे करणारी. लिव्हरपूलमधल्या रॉयल लिव्हरपूल रुग्णालयाचे साधारण साडेतेहेतीस कोटी पौंडांचे काम तिच्याकडे होते. २०१४ मध्ये बांधकाम सुरू झाले. जागेवर अॅस्बेस्टॉस निघाले, काँक्रीटच्या तुळयांना तडे गेले, मुदत सरकत गेली. ब्रिटिश संसदेच्या दोन समित्यांनी मे २०१८ मध्ये जो संयुक्त अहवाल दिला, त्यात या कामाची हकीकत आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये कंपनीच्याच लोकांनी कामाचा अंतर्गत आढावा घेतला आणि या कंत्राटात १२.७ टक्के तोटा होईल असे काढले. व्यवस्थापनाने ते बाजूला सारून खात्यात ४.९ टक्के नफा धरला. या दोन आकड्यांमधला फरक ५ कोटी ३० लाख पौंडांचा होता. आपल्या पुलावर ३४ आणि ४४ चे जे झाले, तेच इथे झाले.

कंपनीच्या खात्यात अशी इतरही कामे होती. ग्राहकाने मान्य न केलेल्या कामाचे आणि वाढीव मागण्यांचे पैसे मिळणारच, असे धरून उत्पन्न लिहिले जात होते. कागदावर नफा होता, म्हणून लाभांशही वाटला गेला. ९ जून २०१७ ला साडेपाच कोटी पौंडांचा लाभांश भागधारकांना गेला, आणि १० जुलैला कंपनीने जाहीर केले की कंत्राटांच्या किमतीतून ८४ कोटी ५० लाख पौंड कमी करावे लागत आहेत. १५ जानेवारी २०१८ ला कंपनी बुडाली. त्या वेळी देणी सुमारे सात अब्ज पौंडांची होती आणि हातात रोकड २ कोटी ९० लाख पौंड. अंदाजातला नफा अंदाजातच राहतो, पण त्यावर वाटलेला लाभांश खऱ्या पैशांत जातो. ते रुग्णालय दुसऱ्या ठेकेदाराकडून पूर्ण होऊन २०२२ मध्ये उघडले. जपानच्या तोशिबात २०१५ मध्ये उघडकीला आलेल्या हिशेबातही मोठ्या कंत्राटांवरचा दिसत असलेला तोटा वेळेवर न घेणे हा एक भाग होता.

वाढीव मागण्यांबद्दल थोडे थांबतो, कारण आपल्याकडे हा रोजचा प्रश्न आहे. आपल्या पुलाचा ठेकेदार म्हणेल, खडक खोल निघाला तो माझा दोष नाही, निविदेतल्या बोअरच्या नोंदी विभागाच्या होत्या, मला जादा बाबीचे १५ कोटी मिळाले पाहिजेत. त्याचे म्हणणे न्याय्य असू शकेल. पण म्हणून ते १५ कोटी कंत्राटाच्या १२० कोटींत आजच मिळवायचे का? मिळवले तर १३५ कोटींचे कंत्राट होते आणि १३२ कोटींचा खर्च एकदम नफ्यात येतो. म्हणजे एका पत्राच्या जोरावर १२ कोटींचा तोटा ३ कोटींचा नफा होतो. एएस ७ ची अट अशी आहे की वाटाघाटी इतक्या पुढे गेलेल्या हव्यात की ग्राहक मागणी मान्य करण्याची शक्यता दाट आहे, आणि रक्कम खात्रीने मोजता आली पाहिजे. नुसते मागणीचे पत्र आणि त्यावरचा आवक शिक्का पुरत नाही. लवादात गेलेले प्रकरण तर आणखीच दूर. विभागाने जादा बाबीचा दर मंजूर केला असेल, निदान कार्यकारी अभियंत्यांनी शिफारस करून वर पाठवला असेल, तर विचार करता येतो. पण मुदत उलटल्याबद्दल विभाग दंड लावण्याची शक्यता असेल, तर तो मात्र किमतीतून लगेच वजा धरावा लागतो. तिथेही तोच दुजाभाव.

बाहेरच्या माणसाला, म्हणजे बँकेतल्या अधिकाऱ्याला किंवा शेअर घेणाऱ्या गुंतवणूकदाराला, ही कागदावरची चलाखी कशी कळणार? त्याच्या हाती बाकीच्या खर्चाचा कागद नसतो. पण ताळेबंदातली बिल न झालेल्या महसुलाची ती ओळ असते. आपल्या पुलात दुसऱ्या वर्षाअखेर समजा विभागाने ६८ कोटींची बिले मान्य केली आहेत. प्रामाणिक हिशेबात उत्पन्न ७२, म्हणजे फरक ४ कोटी. मागच्या वर्षी ६ होता, तो घटला. वजाबाकीच्या हिशेबात उत्पन्न ७९ कोटी २० लाख, म्हणजे फरक ११ कोटी २० लाख. जवळपास दुप्पट. फुगवलेले उत्पन्न कुठेतरी जाऊन बसतेच, आणि ते इथे बसते, कारण कितीही टक्के लिहिले तरी विभागाचा अभियंता न झालेल्या कामाचे मोजमाप पुस्तिकेत लिहीत नाही. उत्पन्नापेक्षा ही ओळ वेगाने वाढत असेल आणि वर्षानुवर्षे बिलात उतरत नसेल, तर आत काय आहे ते विचारावे. मापन उशिरा होते हे कारण एका तिमाहीपुरते खरे असते, तीन वर्षे चालत नाही.

दुसरी खूण कामानिहाय नफ्याच्या दरात दिसते. ज्या कंपनीची कामे सुरुवातीला भरघोस नफा दाखवतात आणि पूर्णत्वाच्या वर्षी तो नफा जवळजवळ प्रत्येक कामात घटतो, तिथे अंदाज सतत एकाच दिशेला चुकत असतो. खरा अंदाज कधी वर चुकतो, कधी खाली. हिशेब तपासनीसांसाठी सर्वात उपयोगी तपासणी हीच आहे, असे मला वाटते. गेल्या पाच वर्षांत पूर्ण झालेली कामे काढायची आणि प्रत्येक कामाचा मध्यावरचा अंदाज शेवटच्या खर्चाशेजारी मांडायचा. सोबत साइटवर स्वतः जायचे. अकाउंट विभाग ६६ टक्के म्हणतो आणि प्रत्यक्षात बारा गाळ्यांपैकी पाचांवरच गर्डर दिसतात, हे समजायला अभियंता असावे लागत नाही. दोन आकडे एक नसतील, कारण पायाला खर्च जास्त लागतो. पण अंतर का आहे ते साइटवरच्या माणसाला सांगता आले पाहिजे.

घर घेणाऱ्यांना यातले काय लागू पडते, असा प्रश्न येईल. बिल्डर स्वतःच्या जमिनीवर इमारत बांधून सदनिका विकतो, तेव्हा तो पुलाच्या ठेकेदारासारखा नेहमीच नसतो. बांधकाम चालू असताना इमारत ग्राहकाच्या ताब्यात जात नाही. इंड एएस ११५ आल्यावर देशातल्या अनेक मोठ्या विकासकांनी टक्केवारी सोडली आणि ताबा देण्याच्या सुमारास उत्पन्न दाखवायला सुरुवात केली. पण टक्केवारी रेराच्या कायद्यात वेगळ्या वाटेने आली आहे. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या बँक खात्यात ठेवायची आणि ती प्रकल्पाच्या पूर्ततेच्या प्रमाणातच काढायची. त्यासाठी अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल या तिघांचे दाखले लागतात. इथे टक्केवारी नफा ठरवत नाही, खात्यातून किती पैसा हलवता येईल ते ठरवते. आणि तिथेही उरलेल्या खर्चाचा अंदाज लागतोच.

पुलाकडे परत येऊ. बाकीचा खर्च ४४ कोटी निघाला तो अंदाज बरोबर ठरला असे धरू. तिसऱ्या वर्षी उरलेले ४८ कोटी उत्पन्न आणि ४४ कोटी खर्च, म्हणजे नफा ४ कोटी. तीन वर्षांचा नफा ५, १ आणि ४, मिळून १० कोटी. पूर्ण-कंत्राट पद्धतीनेही शेवटी १० कोटीच आले असते, फक्त शून्य, शून्य आणि दहा असे. ज्याने वजाबाकी केली होती त्याच्या खात्यात मात्र तिसऱ्या वर्षी ४० कोटी ८० लाखांचे उत्पन्न उरते आणि खर्च ४४ कोटी. त्याच्या वहीत पहिल्या दोन वर्षांत १३ कोटी २० लाखांचा नफा आणि तिसऱ्यात ३ कोटी २० लाखांचा तोटा. बेरीज त्याचीही १० च. फक्त दुसऱ्या वर्षाअखेर निवृत्त झालेल्याने १३ कोटी २० लाखांतला वाटा नेलेला असतो, आणि पुलाच्या दुरुस्तीची हमी संपून सुरक्षा अनामतीचे ६ कोटी सुटेपर्यंत उरलेला भागीदार विभागाच्या खेपा घालत असतो.